जेवताना जबड्याखाली येणारी सूज: लाळेचा खडा की जंतुसंसर्ग?

जेवायला बसल्यावर पहिल्या घासाबरोबर जबड्याच्या हाडाखाली, एका बाजूला, ताण आल्यासारखे दुखू लागते. पाच-दहा मिनिटांत तेथे आवळ्याएवढी गाठ हाताला लागते आणि जेवण झाल्यावर तास-दोन तासांत ती ओसरते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो, तो म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन हे भागेल का. त्याचे उत्तर ही सूज लाळेच्या खड्याची आहे की ग्रंथीतल्या जंतुसंसर्गाची, यावर अवलंबून आहे. हे दोन आजार शेजारी ठेवून पाहताना एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे, ती अशी की ते नेहमी एकमेकांना पर्याय नसतात. पुष्कळदा पहिला आजार दुसऱ्याला वाट करून देतो.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना एकेक लाळग्रंथी असते. तिची नळी साधारण 5 सेंटिमीटर लांब असून ती खालून वर चढत जिभेखाली, मधल्या पातळ पडद्याच्या शेजारी, एका बारीक छिद्राने उघडते. या ग्रंथीची लाळ तुलनेने दाट असते, तिच्यात कॅल्शियमचे प्रमाण जास्त असते आणि तिला चढणीवर वाहावे लागते. लाळेचे दहापैकी आठ-नऊ खडे याच ग्रंथीत किंवा तिच्या नळीत सापडतात, ते या कारणांमुळे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. या खड्याचा मुतखड्याशी सहसा संबंध नसतो आणि रक्तातले कॅल्शियमही बहुधा नेहमीसारखेच असते. म्हणून दूध बंद करून किंवा मुतखड्याचे काढे घेऊन तो विरघळत नाही.

खड्याने नळी अर्धवट अडलेली असेल तर एरवी झिरपणारी थोडी लाळ कडेने निघून जाते. जेवणाच्या वेळी मात्र लाळेचा लोंढा येतो, तो त्या अरुंद जागेतून बाहेर पडू शकत नाही आणि ग्रंथी फुगते. फोडणीचा वास आला तरी काहींची गाठ तणू लागते, याचे कारण हेच आहे. त्यावरून घरच्या घरी करता येण्याजोगी एक पारख मिळते: न चावता घेतलेल्या आंबट पदार्थानेही, म्हणजे सोलकढीच्या दोन घोटांनीही, सूज येत असेल तर दोष लाळेच्या वाटेत असण्याची शक्यता मोठी असते. चावल्यावरच दुखत असेल आणि आंबट द्रव पिऊन काहीच होत नसेल, तर खालची दाढ किंवा जबड्याचा सांधा आधी तपासावा.

जंतुसंसर्गाची सूज जेवणाच्या वेळेची वाट पाहत नाही. ती जेवताना वाढते हे खरे, कारण सुजलेल्या ग्रंथीत लाळ तयार होताना दुखतेच. परंतु जेवणानंतर ती पूर्ववत होत नाही. सकाळी उठल्यावरही गाठ तितकीच असते, हात लावू देत नाही, वरची कातडी गरम आणि कधी लालसर होते, ठणका रात्री झोपू देत नाही, ताप येतो आणि तोंडाला घाण चव येते. या दोघांतला फरक एका वाक्यात सांगायचा तर खड्याची सूज चढते आणि उतरते, संसर्गाची सूज चढते आणि तेथेच राहते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना "किती दुखते" यापेक्षा "सूज पूर्ण उतरते का, आणि उतरायला किती वेळ लागतो" हे दोन-तीन दिवस नीट पाहून सांगितले, तर त्याचा अधिक उपयोग होतो.

दुसरा महत्त्वाचा पुरावा जिभेखाली असतो. आरशासमोर उभे राहून, जीभ टाळूला लावून, टॉर्चच्या उजेडात पाहिले असता मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे दिसतात. तीच नळ्यांची तोंडे. तपासताना डॉक्टर तेथली ओल कापसाने टिपतात आणि जबड्याखालून ग्रंथीवर हलका दाब देतात. निरोगी बाजूला पाण्यासारखा स्वच्छ थेंब उमटतो. खड्याने वाट पूर्ण अडली असेल तर काहीच येत नाही, आणि संसर्ग असेल तर गढूळ किंवा पिवळसर पू येतो. त्यानंतर हातमोजा घातलेले एक बोट तोंडात जिभेखाली आणि दुसरा हात बाहेरून जबड्याखाली ठेवून नळी मागून पुढे चाचपली जाते. दिशा तीच ठेवतात, कारण पुढून मागे दाबल्यास हाताशी आलेला खडा ग्रंथीकडे ढकलला जाण्याचा धोका असतो. नळीच्या पुढच्या भागातला खडा कित्येकदा तुरीच्या दाण्यासारखा बोटाला लागतो, आणि मग निदानासाठी आणखी फारसे काही उरत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडत जाते, हे दाखवण्यासाठी एक नमुनेदार उदाहरण घेतो. त्रेचाळीस वर्षांचे एक बसवाहक, दिवसभर फेऱ्यांवर असल्यामुळे पाणी कमी पिणारे. दोन महिने उजव्या बाजूला चिंचेची आमटी, लोणचे, लिंबू यांबरोबर गाठ येई आणि तासाभरात जाई. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले आणि त्या आठवड्यात बरे वाटले. योगायोगाने त्या दिवसांत ते पथ्याचे, आंबट नसलेले अन्न खात होते आणि गोळ्यांबरोबर पाणीही भरपूर पीत होते. औषधाला मिळालेल्या श्रेयाचा मोठा भाग खरे तर या दोन गोष्टींचा होता. दोन आठवड्यांनी गाठ परत आली. मग एका रात्री ती उतरलीच नाही, सकाळी 101 अंश ताप होता आणि जिभेखालच्या छिद्रातून पू येत होता. अडलेल्या नळीत साचून राहिलेल्या लाळेत तोंडातले जंतू वाढले होते. आता मात्र अँटिबायोटिकची खरी गरज होती. संसर्ग ओसरल्यावर तोंडाच्या तळाचा एक्स-रे काढला, तेव्हा नळीच्या पुढच्या भागात 7 मिलिमीटरचा खडा दिसला. जागा बधिर करून तोंडाच्या आतूनच छोटा छेद घेऊन तो काढण्यात आला, बाहेर मानेवर एकही टाका पडला नाही.

पहिला कोर्स वाया गेला असे मी म्हणेन, आणि अशी कितीतरी माणसे दोन-दोन, तीन-तीन कोर्स घेऊन येतात याची मला मनापासून खंत वाटते. ताप नसेल, पू नसेल आणि सूज प्रत्येक वेळी पूर्ण उतरत असेल, तर अँटिबायोटिकने करण्यासारखे तेथे काही नसते. त्या टप्प्यावर भरपूर पाणी पिणे, दिवसातून काही वेळा गरम पाण्याच्या फडक्याने शेकणे, जबड्याच्या कोनापासून हनुवटीकडे हलक्या हाताने चोळणे आणि आंबट गोळी किंवा लिंबाची फोड चघळून लाळेचा ओघ वाढवणे, एवढ्याने बारीक खडा स्वतःहून बाहेर पडू शकतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या तोंड कोरडे करतात. त्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे, मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. चोळणे आणि लिंबू हे उपाय सूज उतरत असेपर्यंतचेच आहेत. वाट पूर्ण बंद झाली असेल किंवा ग्रंथी पिकली असेल, तर लाळ वाढवल्याने वेदनाच वाढतात आणि ठणकणारी गाठ जोराने दाबणे योग्य नसते.

याउलट सूज एका रात्रीत उतरली नाही, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. विशेषतः मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. खडा नसतानाही हा संसर्ग होतो. शस्त्रक्रियेनंतर कमी पाणी मिळालेल्या, वयस्कर किंवा अनेक दिवस नीट न खाल्लेल्या माणसात लाळच आटते आणि जंतू नळीतून मागे शिरतात. तेथे आधी जेवणागणिक चढ-उताराचा इतिहास नसतो, सूज थेट ठणक्याने सुरू होते. अशा वेळी अँटिबायोटिक आणि पाणी यांनी बहुधा भागते. तरीही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर पू साचला आहे का, हे पाहण्यासाठी सोनोग्राफी करावी लागते.

एक स्थिती मात्र या दोन्हींच्या पलीकडची आहे. जिभेखालचा भाग दोन्ही बाजूंनी टणक होऊन वर उचलला गेला, जीभ वर ढकलली गेली, तोंड उघडेना, स्वतःची लाळ गिळता येईना, आवाज बदलला किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर तो तोंडाच्या तळात पसरलेला संसर्ग असू शकतो. याचे मूळ बहुतेक वेळा खालच्या किडलेल्या दाढेत असते. श्वासाची वाट काही तासांत बंद होऊ शकते, म्हणून सकाळची ओपीडी न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे.

तपासण्यांचा क्रम साधा आहे. सोनोग्राफीत 2 मिलिमीटरपेक्षा मोठे बहुतेक खडे दिसतात आणि पू साचला असल्यास तोही कळतो. साध्या एक्स-रेत या ग्रंथीचा सुमारे पाचातला एक खडा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे खडा नाही असे समजू नये. लक्षणे खड्याचीच असून दोन्हींत काही सापडले नाही, तर सीटी स्कॅन उपयोगी पडतो. खडा साधारण 4 मिलिमीटरपर्यंतचा आणि नळीत मोकळा असेल तर बारीक दुर्बीण आत घालून तो जाळीने बाहेर काढता येतो. त्याहून मोठा पण बोटाला लागणारा खडा तोंडातून छेद घेऊन काढतात. ग्रंथीच्या आत रुतलेला, वारंवार पिकणारा खडा असेल तरच पूर्ण ग्रंथी काढण्याचा विचार करावा. त्या शस्त्रक्रियेत खालचा ओठ हलवणाऱ्या आणि जिभेला संवेदना देणाऱ्या शिरा जवळ असतात, आणि त्यांना इजा होण्याचा धोका किती, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे.

शेवटी, जी गाठ जेवणाशी काहीच नाते ठेवत नाही, दुखत नाही, उतरत नाही आणि तीन आठवड्यांनंतरही तेथेच आहे, तिला खडा किंवा संसर्ग यांपैकी कोणतेच नाव देऊन घरी बसू नये. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाच्या जिभेखाली न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल तर हे अधिकच खरे आहे. अशा गाठीची सोनोग्राफी आणि सुईने तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करून घ्यावी.