मॅगसल्फ: कुल्ह्यात की पंपावर? रात्री ड्युटीला असणाऱ्यांसाठी

प्रीएक्लॅम्प्सियात बीपी जास्त, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, म्हणजे झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फ द्यायचं हे ठरलेलंच असतं, पण नवीन आरएमओ अडतो तो कसं द्यायचं इथे.

कुल्ह्यातली पद्धत म्हणजे 4 ग्रॅम शिरेतून हळू, लगेच दोन्ही कुल्ह्यांत 5-5 ग्रॅम, मग दर 4 तासांनी 5 ग्रॅम. दुखतं खूप, बाई ओरडते. पण पंप नाही, पेशंट पालघरकडून मुंबईला पाठवायचाय आणि हायवेला दहिसरला ट्रॅफिक लागणार, तर मला हीच बरी वाटते. पंपाची पद्धत म्हणजे 4 ग्रॅम लोडिंग आणि मग ताशी 1 ग्रॅम.

खरा फरक टॉक्सिसिटी झाली की कळतो. पंप तिथल्या तिथे बंद करता येतो, पण कुल्ह्यात गेलेलं परत काढता येत नाही, ते तासन्तास रक्तात येत राहतं. म्हणून कुल्ह्यात देताना प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्याच: गुडघ्याचा जर्क येतोय, श्वास मिनिटाला 16 च्या वर आहे, आणि 4 तासांत लघवी निदान 100 मिली झालीय. पंपावर हेच दर तासाला बघायचं, आणि पंपाचा रेट स्वतः वाचायचा, कारण 1 च्या जागी 10 टाकला गेला तरी पंप बिचारा काही बोलत नाही.

मॅगसल्फ किडनीतूनच बाहेर जातं, लघवी कमी झाली की ते साठतं. आधी जर्क जातो, मग श्वास मंदावतो, शेवटी हृदय. एपिड्युरल असेल तर गुडघ्याचा भरवसा नाही, हाताचा जर्क बघा.

आमच्याकडे एक बाई बाहेरून लोडिंग घेऊन आली होती, संध्याकाळी 7 चं, चिठ्ठीवर फक्त 'मॅगसल्फ दिले' एवढंच. फोन करून डोस विचारला म्हणून बरं, नाहीतर आम्ही परत लोड केलं असतं! 11 चा डोस भरून ठेवलेला, सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, जर्क नाही येत, आणि लघवी 60 च आहे." श्वास 14. डोस दिलाच नाही, कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के, 10 मिली सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं (श्वास अजून घसरला असता तर हळूहळू 10 मिनिटांत शिरेतून द्यायचं होतं) आणि क्रिएटिनिन पाठवलं, ते 1.6 आलं. दोनेक तासांनी जर्क परत आला, मग सिनियरने मॅग्नेशियमची लेव्हल बघून पंपावर कमी रेटने चालू केलं.

लेव्हल सगळ्यांना लागत नाही, रात्री रिपोर्ट यायला वेळही लागतो. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मी कुल्ह्यात देणार नाही, पंप आणि लेव्हल मिळेल तिथेच पाठवेन.