कपाटाच्या फोटोवरून यादी: दिसतं तेवढंच लिहावं की पूर्ण नोंद करावी?

अंबाजोगाईहून भाच्यानं व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. नुकत्याच गेलेल्या दाजींचं पुस्तकांचं कपाट, तीन कप्पे, खच्चून भरलेलं. खाली एकच ओळ: "मामा, यांची यादी करून द्या." कशासाठी हवी, कधीपर्यंत हवी, लेखक लिहायचे की नुसती नावं, काही नाही. मी बरीच वर्षं सार्वजनिक वाचनालयात दाखल नोंदवही लिहिली आहे, त्यामुळे असे फोटो अधूनमधून येतात. आणि दर वेळी तोच पेच पडतो: फोटोत दिसतं तेवढंच उतरवून द्यावं, की जाणकारीनं भरून पूर्ण नोंदी कराव्यात, की आधी विचारावं?

आधी विचारण्याचं पटकन सांगतो. नियमानं तेच बरोबर वाटतं, पण घरात नुकतंच माणूस गेलेलं असताना पाच प्रश्न उलट पाठवले, तर उत्तर येत नाही आणि यादीही होत नाही. ज्यानं एकच ओळ लिहिली, त्याला बहुतेक वेळा काय विचारायचं हेही ठरवता आलेलं नसतं. समोर कच्ची यादी आली की तो बोलू लागतो. म्हणून प्रश्न एकच ठेवावा आणि तो यादीच्या खाली लिहावा. राहिले दोन मार्ग.

पूर्ण नोंदीचा मोह मोठा असतो. वाचनालयात पुस्तक दाखल करताना लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत असे रकाने असतात, आणि हात आपोआप ते भरायला जातो. पण ती माहिती आपण पुस्तक उघडून घेतो, आतल्या शीर्षकपानावरून आणि त्याच्या मागच्या पानावरून. पुस्तकाच्या कण्यावर फार तर नाव, आडनाव आणि तळाशी प्रकाशनाचं चिन्ह असतं. आवृत्ती आणि वर्ष तिथं जवळपास कधीच नसतं. म्हणजे फोटोवरून केलेल्या "पूर्ण" नोंदीतले निम्मे रकाने आपल्या आठवणीतून येतात, आणि वाचणाऱ्याला ते समोरच्या पुस्तकातून आल्यासारखे दिसतात.

दाजींच्या मधल्या कप्प्यात जाड, मरून कापडी बांधणीचं एक पुस्तक होतं. कण्यावर सोनेरी अक्षरांत "सार्थ ज्ञानेश्वरी", तळ शेजारच्या पुस्तकामागे झाकलेला. माझ्या मनात लगेच सोनोपंत दांडेकर आले, कारण वाचनालयात तीच प्रत सर्वांत जास्त फिरायची. पण सार्थ ज्ञानेश्वरी या नावानं साखरे महाराजांची प्रतही घरोघर आहे, आणखीही आहेत, आणि कापडात पुन्हा बांधून घेतल्यावर बाहेरून त्या सारख्याच दिसतात. पूर्वी एका घरच्या यादीत मी अशीच एक प्रत संपादकाच्या नावासकट लिहिली होती. ती यादी धरून दोन भावांनी पुस्तकं वाटून घेतली आणि उघडल्यावर प्रत दुसरीच निघाली. चूक माझी होती, आणि ती यादीत कुठंच दिसत नव्हती.

आडनावांचंही तसंच. कण्यावर नुसतं "देशपांडे" असेल तर ते पु. ल. असतील, गौरी असतील, किंवा तिसरंच कुणी. मी "देशपांडे" एवढंच लिहितो.

दिसतं तेवढं लिहिण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यालाही शिस्त लागते. वाचायला सुरुवात करण्याआधी मी कणे मोजतो. दाजींच्या कपाटात वर 19, मध्ये 22, खाली 17 आणि रांगांवर आडवी टाकलेली 5, म्हणजे 63. मग 1 ते 63 आकडे आधी लिहून घेतो आणि डावीकडून उजवीकडे भरत जातो. नाव लागलं नाही तरी क्रमांक सोडत नाही. शेवटी आकडा 61 आला तर दोन बारीक पुस्तकं निसटली हे तिथंच कळतं. निसटणारी बहुतेक दिवाळी अंक किंवा पोथ्या असतात, कारण त्यांच्या पाठीवर छापायला जागाच नसते.

नोंद अशी दिसते:

```
22  सार्थ ज्ञानेश्वरी (संपादक दिसत नाही)
23  …चे पोवाडे (नावाचा वरचा भाग झाकलेला)
24  देशपांडे (आडनावच दिसतं)
25  वाचता येत नाही; पातळ, पिवळा कणा
26–31  भारतीय संस्कृतिकोश, खंड 1, 2, 3, 5, 6, 8
```

शेवटची ओळ पाहा. हा कोश 10 खंडांचा आहे. पूर्ण नोंद करणारा सवयीनं "भारतीय संस्कृतिकोश, 10 खंड" लिहून मोकळा होतो. फोटोत सहाच आहेत. बाकीचे चार मागच्या रांगेत असतील, कुणी नेले असतील, किंवा कधी घेतलेच नसतील. फोटो एवढंच सांगतो की ते दिसत नाहीत, आणि मीही तेवढंच लिहितो. पंचविसाव्या ओळीतला रंगही मुद्दाम लिहिला आहे, म्हणजे घरातल्या माणसाला कपाटापुढं उभं राहून ते पुस्तक बोटानं शोधता येतं.

त्यासाठीच क्रम कपाटाचा ठेवावा, अकारविल्हे लावू नये. अकारविल्हे यादी देखणी दिसते, पण फोटोशी तिचा धागा तुटतो आणि पडताळणी अवघड होते. ती नंतर एक्सेलमध्ये लावता येते.

देवनागरीची एक वेगळी अडचण आहे. काही जुन्या पुस्तकांवर अक्षरं एकाखाली एक रचलेली असतात, तिथं वेलांटी आणि अनुस्वार आधी पुसट होतात. त्यात ट्यूबलाइटची चकाकी लॅमिनेशनवर पडली की "मन" आणि "मान" सारखेच दिसतात. शंका असेल तिथं मी प्रश्नचिन्ह टाकतो, अर्थ जुळवून घेत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं की तो दाबला जात नाही आणि बरीचशी अक्षरं उघडतात.

माझा कौल दिसतं तेवढ्याच्या बाजूनं आहे, पण कायमचा नाही. पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला द्यायची असतील तर ही यादी अपुरी आहे. तिथं आवृत्ती आणि वर्षावर भाव ठरतो, त्यासाठी कपाटापुढं बसून पुस्तकं उघडावीच लागतात. वाचनालयाला देणगी द्यायची असेल तर मात्र हीच पुरते, कारण ते आपली दाखल नोंद पुस्तक हातात घेऊनच करतात. त्यांना आधी फक्त किती आणि कोणती एवढं हवं असतं. वेळेचा फरकही मोठा आहे. मला या यादीला पाऊण तास लागला. पूर्ण नोंदींना 63 पुस्तकांसाठी दोन दिवस तरी गेले असते.

मी भाच्याला लिहून पाठवलं: "63 कणे दिसतात. 44 स्वच्छ वाचले, 11 अर्धे, 8 लागले नाहीत. मागं दुसरी रांग असेल तर ती यात नाही. यादी कशासाठी हवी?"

रात्री त्याचा फोन आला. "मामा, वाचनालयाला द्यायचीत. पण ज्ञानेश्वरी आत्या मागायलीय, तिला दांडेकरांचीच पाहिजे म्हणं. ती आहे का हो?"

"22 नंबरचं पुस्तक काढ," मी म्हणालो, "आणि पहिलं पान वाच."