‘शून्य डेटा लॉस’च्या नावाखाली ११ लाख ८० हजारांची फसवणूक

भोसरीतील आमच्या कारखान्याने गेल्या वर्षी दोन स्टोरेज यंत्रे आणि त्यांच्यातील रेप्लिकेशन, म्हणजे एका यंत्रावरच्या डेटाची प्रत दुसऱ्यावर आपोआप ठेवण्याची सोय, विकत घेतले. एक यंत्र इथे, दुसरे बंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये. जीएसटीसह ११,८०,००० रुपये मोजले, शिवाय वार्षिक देखभालीचे १,७७,००० रुपये आगाऊ दिले. प्रस्तावात स्पष्ट लिहिले होते: ‘सिंक्रोनस रेप्लिकेशन, शून्य डेटा लॉस’. प्रत्यक्षात बसवले ते असिंक्रोनस.

सिंक्रोनसमध्ये इथली नोंद पलीकडच्या यंत्रावर पोहोचून तिची पोच परत येईपर्यंत सॉफ्टवेअरला ‘लिहिले’ असे उत्तर मिळत नाही, म्हणून इथली जागा बुडाली तरी पोच मिळालेली एकही नोंद जात नाही. असिंक्रोनसमध्ये उत्तर इथल्या इथे लगेच मिळते आणि नोंद मागाहून रांगेतून पाठवली जाते. जागा बंद पडते त्या क्षणी रांगेत जे असेल, ते गेले.

आता तो क्षण, ज्याची आठवण झाली की आजही संताप होतो. प्रात्यक्षिकात विक्रेत्याच्या अभियंत्याने इथे फाइल तयार केली, ती बंगळुरूच्या पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात नोंद लिहायला लागणारा वेळ दिसत होता: ०.६ मिलिसेकंद. काचेच्या तंतूतून प्रकाशाला दर १०० किलोमीटरच्या जाण्यायेण्याला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. पुणे ते बंगळुरू हे अंतर सरळ रेषेतही ७०० किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे पोच परत यायला ७ मिलिसेकंद तरी हवेतच. तो आकडा सांगत होता की यंत्र बंगळुरूच्या उत्तराची वाटच पाहत नाही. पण हे गणित ग्राहकाने करायचे असते का? ज्याने लेखी हमी देऊन पैसे घेतले, त्याला ते नक्कीच ठाऊक होते. भार कमी असताना असिंक्रोनस प्रतही जवळजवळ लगेच पोहोचते, त्यामुळे फाइल दाखवण्याच्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

पावसाचे पाणी सर्व्हर रूममध्ये शिरले तो दिवस महिनाअखेरचा होता. दुपारी ३ पासून बिलिंग आणि साठ्याचे मूल्यांकन एकदम चालू होते आणि सेकंदाला सुमारे ६ मेगाबाइट नवीन डेटा तयार होत होता. आमची लाइन २० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २.५ मेगाबाइट पाठवणारी. संध्याकाळी ६ वाजता यंत्र बंद पडले तोपर्यंतच्या तीन तासांत ६५ गिगाबाइटच्या आसपास डेटा तयार झाला होता आणि त्यातला जेमतेम २७ गिगाबाइट पोहोचला होता. नोंदी क्रमाने जात असल्याने बंगळुरूची प्रत ४ वाजून १५ मिनिटांवर थांबलेली होती. प्रत जास्तीत जास्त किती मागे राहावी यासाठी सेटिंगमध्ये लिहिलेले ‘१५ मिनिटे’ हे केवळ उद्दिष्ट असते. लाइन पुरत नसेल तर रांग वाढतच जाते.

सर्वांत वाईट म्हणजे काहीही बिघडल्याचे दिसले नाही. प्रत सुसंगत होती, डेटाबेस एकाही त्रुटीविना उघडला. दुसऱ्या दिवशी नवीन बिल काढले तेव्हा ई-इन्व्हॉइस पोर्टलने `Duplicate IRN` म्हणून ते परत पाठवले, कारण त्याच क्रमांकाचे बिल आदल्या संध्याकाळी निघालेले होते आणि आमच्या दप्तरी त्याचा मागमूस नव्हता. बिले पोर्टलवरून परत उभी केली. मालाच्या आवक-जावकीच्या नोंदी मात्र कुठेच नव्हत्या.

पोलीस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी वाद आहे. सायबर विभागाने विचारले, ‘हॅकिंग झाले आहे का?’ नाही म्हटल्यावर अर्जही घेतला नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता वकिलांनीच बंद असल्याचे सांगितले, कारण खरेदी व्यावसायिक कारणासाठी होती. लेखी हमी, पैशांच्या पावत्या आणि सेटिंगचा स्क्रीनशॉट हातात असताना प्रत्येक टेबलावर ‘आमच्याकडे येत नाही’ एवढेच ऐकावे लागते, याला काय म्हणावे? समोरचा माणूस रेप्लिकेशन म्हणजे काय हे ऐकून घेण्याचीही तसदी घेत नाही.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दोन ठिकाणांमध्ये `ping` करून जाण्यायेण्याचा वेळ मोजा. रेप्लिकेशन चालू असताना लिहिण्याचा वेळ त्याहून कमी दिसला, तर ते सिंक्रोनस नाही. खरे सिंक्रोनस हवे असेल तर दुसरी जागा साधारण १०० किलोमीटरच्या आत लागते, आणि तिथेही लाइन तुटल्यावर यंत्र लिहिणे थांबवते की प्रत सोडून पुढे जाते, हे लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी ते पुढे जाते आणि त्या काळात शून्य लॉसची हमी उरत नाही. असिंक्रोनस वाईट नाही, लांबच्या अंतराला तेच योग्य. पण मग रांगेचा आलेख महिनाअखेरच्या दिवशीचा मागा, रविवारचा नव्हे.

व्यावसायिक दाव्याआधी सक्तीची असलेली मध्यस्थी आम्ही मागितली. विक्रेता नोटिशीनंतरही हजर झाला नाही, तसा अहवाल मिळाला आहे आणि त्याच्या आधारे आता दावा दाखल करत आहोत.