चतुर्थक काढताना मधली संख्या ठेवायची की वगळायची?

माझी भाची गिरीच्या थांब्यावरून म्हापशाला शाळेत जाते. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने नऊ दिवस बसची वाट किती मिनिटे पाहिली ते लिहून ठेवलं, गुरुवारपासून पुढे, रविवार सोडून: १४, २२, ९, १७, ६, ११, ६, ३५, ८.

पहिल्या फेरीत तिने पाचवा आकडा उचलला आणि मध्यक ६ म्हणून लिहिला. सहा हा तर यादीतला सगळ्यात लहान आकडा! नऊपैकी एकही दिवस जिथे त्याहून कमी वेळ लागला नाही, तो मधला कसा असेल? आकडे चढत्या क्रमाने लावले तरच जागेला अर्थ येतो:

६, ६, ८, ९, ११, १४, १७, २२, ३५

आता पाचवा ११, हाच मध्यक. डावीकडे चार, उजवीकडे चार. क्रम लावताना ६ दोनदा आला म्हणून एकदाच लिहिण्याचा मोह होतो. तसं केलं तर आठच आकडे उरतात आणि मध्यक १२.५ होतो. म्हणून क्रम लावून झाला की आधी मोजायचं, नऊचे नऊ आहेत ना.

इथपर्यंत वाद नाही. घोळ चतुर्थकांना सुरू होतो. डाव्या अर्ध्याचा मध्यक म्हणजे पहिले चतुर्थक, उजव्या अर्ध्याचा म्हणजे तिसरे. पण मधला ११ कुठल्या अर्ध्यात?

शाळेतल्या बाईंनी तो दोन्हीकडून वगळायला सांगितला. डावीकडे ६, ६, ८, ९ राहतात, मधल्या दोन आकड्यांची सरासरी ७. उजवीकडे १४, १७, २२, ३५, म्हणजे १९.५. दोन चतुर्थकांतलं अंतर १२.५ मिनिटे.

शिकवणीच्या सरांनी ११ दोन्ही अर्ध्यांत धरायला लावला. मग डावीकडे ६, ६, ८, ९, ११, मधला ८. उजवीकडे ११, १४, १७, २२, ३५, मधला १७. अंतर ९.

“मावशी, चुकलं कोण?” कोणीच नाही. दोन्ही पद्धती मान्य आहेत. दुसरी जॉन ट्युकी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाची म्हणून ओळखली जाते.

पण फरक नुसता दशांशाचा नाही. फार वेगळा पडलेला आकडा ओळखायचा नेहमीचा नियम असा: तिसऱ्या चतुर्थकात अंतराची दीडपट मिळवा, त्यापलीकडचा तो वेगळा. वगळण्याच्या पद्धतीत ही हद्द १९.५ + १८.७५, म्हणजे ३८.२५, त्यामुळे ३५ आत बसतो. ठेवण्याच्या पद्धतीत १७ + १३.५, म्हणजे ३०.५, आणि तोच ३५ बाहेर पडतो. एकच दिवस, दोन निकाल. तो शुक्रवार होता, म्हापशाच्या बाजाराचा. बस गच्च भरून आली आणि न थांबताच गेली. आधीच्या शुक्रवारीही २२ मिनिटे लागलीच होती. हे कारण कुठलीच पद्धत सांगणार नाही, ते वहीत लिहावं लागतं.

मग निवडायचं काय? परीक्षेला पुस्तकात आणि वर्गात जी पद्धत असेल तीच, तिथे हुशारी नको. मोकळीक असेल तर मी वगळण्याच्या बाजूने आहे. अकरावीच्या अर्थशास्त्रात चतुर्थकाची जागा (n+1)/4 या सूत्राने काढतात. नवासाठी ती अडीच येते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मधोमध: ७. विषम संख्येला हे सूत्र आणि वगळण्याची पद्धत नेहमी जुळतात, म्हणून पुढे जाऊन पुन्हा वेगळं शिकावं लागत नाही.

उत्तर संगणकावर पडताळणार असाल तर मात्र सांभाळा. एक्सेलमध्ये `QUARTILE.INC` नवांना ८ आणि १७ देतं, म्हणजे ठेवण्याची पद्धत; साधं `QUARTILE` सुद्धा तसंच. वगळलेलं हवं तर `QUARTILE.EXC`.

दहाव्या दिवशी, सोमवारी, १० मिनिटे लागली. आता ६, ६, ८, ९, १० आणि ११, १४, १७, २२, ३५ असे सरळ दोन भाग पडतात, मध्यक १०.५, चतुर्थके ८ आणि १७. मधे कोणी उरतच नाही, त्यामुळे बाई आणि सर दोघांचं उत्तर एकच. सूत्र मात्र इथे वेगळं होतं: (10+1)/4 म्हणजे २.७५ वी जागा, ६ आणि ८ यांच्यातलं पाऊण अंतर, ७.५. `QUARTILE.INC` म्हणतं ८.२५. भाचीने शेवटी नऊच दिवस ठेवले, ११ वगळला, आणि खाली एक ओळ लिहिली: “मध्यक कुठल्याच अर्ध्यात धरलेला नाही.”