स्प्रेड एका ऑर्डरमध्ये की एकेक लेग करून: काही महिने दोन्ही वापरल्यावर

माझ्या टर्मिनलवर स्प्रेडसाठी दोन रस्ते आहेत. दोन्ही लेग एकत्र बांधून एकाच नेट भावाची ऑर्डर टाकायची, नाहीतर आधी एक लेग घ्यायचा आणि तो लागला की दुसरा टाकायचा. गेले काही महिने साध्या बुल कॉल स्प्रेडसाठी दोन्ही वापरून पाहिले. माझा कौल एकत्र ऑर्डरच्या बाजूने आहे. तरी एकेक लेगवाल्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, म्हणून आधी त्यांची बाजू.

शेअर 100 वर आहे असं धरा. 100 चा कॉल 3.00/3.10 आणि 105 चा कॉल 1.20/1.30. पहिला घ्यायचा, दुसरा विकायचा. समोरचे भाव जसेच्या तसे उचलले तर 3.10 देऊन 1.20 मिळतात, म्हणजे स्प्रेड 1.90 ला पडतो. दोन्ही लेग मधल्या भावाला मिळाले तर 3.05 वजा 1.25, म्हणजे 1.80. आणि दोन्हीकडे आपलीच लिमिट बिड-आस्कच्या टोकाला लागली तर 1.70! हा 1.70 चा आकडा दिसला की माणूस एकेक लेगच्या मागे लागतो. एकत्र ऑर्डर मी 1.80 ला टाकतो, लागली नाही तर एक-दोन सेंटांनी वर सरकवतो, आणि बहुतेकदा 1.83 च्या आसपास काम होतं. म्हणजे कागदावर एकेक लेगमध्ये 3 ते 13 सेंट वाचायला वाव आहे.

आता हे सेंट वाचवायला किती वेळ थांबावं लागतं आणि तेवढ्यात काय होऊ शकतं ते बघू. 100 चा कॉल हातात आला आणि 105 चा अजून विकायचा आहे, त्या काळात तुमच्याकडे स्प्रेड नाही, नुसता लाँग कॉल आहे. स्प्रेडचा डेल्टा इथे साधारण 0.24 असेल (0.52 वजा 0.28), पण अधल्यामधल्या वेळात तुम्ही पूर्ण 0.52 घेऊन बसलेले असता. एकत्र ऑर्डरच्या तुलनेत जी जास्तीची जोखीम आहे, ती न लागलेल्या लेगची: 0.28 गुणिले शेअर जेवढा हलेल तेवढं.

शेअरची वार्षिक व्होलॅटिलिटी 25 टक्के असेल तर दिवसाची साधारण हालचाल 1.6 टक्के धरता येते. साडेसहा तासांच्या सत्रात मिनिटांचं वर्गमूळ घेतलं की एका मिनिटाची हालचाल सुमारे 0.08 टक्के येते, म्हणजे आपल्या शेअरला 8 सेंट. त्याला 0.28 ने गुणलं की 105 च्या कॉलमध्ये 2 सेंटांची हालचाल. पाच मिनिटं थांबलात तर 5 सेंट, पंधरा मिनिटं थांबलात तर 8-9. बाजार उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात याहून बरंच जास्त. म्हणजे मिनिटभरात दुसरा लेग लागला तर ठीक. त्यापुढे जेवढं वाचवायचं त्याहून जास्त पणाला लागलेलं असतं.

यावर लोक म्हणतात, हालचाल दोन्ही बाजूंना होते, कधी फायदा कधी तोटा, सरासरी शून्यच. मलाही आधी हा हिशोब बरोबर वाटायचा. पण माझ्या लागलेल्या ऑर्डरींच्या वेळा आणि त्या-त्या वेळचा शेअरचा भाव शेजारी ठेवून बघितल्यावर पटलं की ही सरासरी शून्य येत नाही. पहिला लेग कधी लागतो, ते आपल्या हातात नसतं. 100 चा कॉल 3.05 ला मागून तुम्ही बसलात. शेअर वर निघाला तर तुम्हाला 3.05 ला कोणी देत नाही, कॉल 3.20 ला पोचतो आणि तुमची ऑर्डर तशीच लटकते. शेअर खाली यायला लागला, 99.90 झाला, कॉलचा खरा भाव 3.00 वर आला, की मग मात्र तुमचे 3.05 कोणीतरी आनंदाने उचलतो. म्हणजे ऑर्डर लागते तीच मुळी भाव तुमच्या विरुद्ध जात असताना. आणि ज्याला तुम्ही विकणार तो 105 चा कॉल तोवर 1.17/1.27 वर उतरलेला असतो.

हेच पुढे नेऊन बघा. तुम्ही 1.25 ला विक्री टाकून ठेवली, ती लागत नाही, शेअर घसरत 99.50 ला आला. 105 चा कॉल आता 1.07/1.17. घाबरून 1.07 ला सोडला. स्प्रेड पडला 1.98 ला, आणि त्याच क्षणी त्याची मधली किंमत आहे 1.68 च्या आसपास. 1.83 ला एकत्र घेणाऱ्यालाही 15 सेंटांचा कागदी तोटा दिसतोय, कारण दिशा चुकली. तुम्हाला 30 चा. वरचे 15 दिशेचे नाहीत, ते मधल्या वेळेचे आहेत. शिवाय समोरचा भाव उचलणाऱ्यालाही तो 1.90 ला पडला असता, म्हणजे त्याच्याहीपेक्षा महाग!

एकत्र ऑर्डरला चांगला भाव का मिळतो, याचं कारणही यातच आहे. मार्केट मेकरने तुम्हाला नुसता 100 चा कॉल विकला तर त्याला 0.52 डेल्टा हेज करावा लागतो. स्प्रेड विकला तर फक्त 0.24. त्याचं काम निम्म्याहून कमी होतं, म्हणून तो दोन बिड-आस्कच्या बेरजेपेक्षा आतला भाव द्यायला तयार असतो.

मग लेगचा क्रम बदलला तर? जो लेग कमी लिक्विड तो आधी, आणि जो चटकन लागतो तो नंतर, हा नियम बरोबर आहे, त्याने मधला वेळ सेकंदांवर येतो. पण या स्प्रेडमध्ये कमी लिक्विड लेग बहुधा लांबचाच असतो, म्हणजे विकायचा. तो आधी विकला की काही क्षण तुम्ही उघडे शॉर्ट, मार्जिन भरपूर अडकणार, आणि बाजार वर उसळला तर तोट्याला छत नाही. मी तरी हा क्रम वापरत नाही.

एक तक्रार टर्मिनलबद्दल. माझ्याकडे "बास्केट" नावाचीही सोय आहे आणि तिला बरेच जण एकत्र ऑर्डर समजतात. ती तशी नाही. ती दोन सुट्या ऑर्डरी एकापाठोपाठ सोडते, एक लागून दुसरी राहू शकते. ओळखायची खूण सोपी: ऑर्डर टाकताना एकच नेट भाव विचारतात का ते बघा. प्रत्येक लेगचा वेगळा भाव विचारला तर तो लेगिंगचाच प्रकार, फक्त बटण एक. खऱ्या एकत्र ऑर्डरमध्ये अर्धवट माल लागला तरी दोन्ही लेग ठरलेल्या प्रमाणातच लागतात.

एकत्र ऑर्डरचा तोटा म्हणजे कधीकधी ती लागतच नाही. लांबच्या एक्स्पायरीत 1.86 पर्यंत नेऊनही तासभर काही होत नाही. तिथे मी सौदा सोडून देतो. मार्केट भावाने एकत्र ऑर्डर कधी टाकत नाही, कारण दोन्ही लेगचे वाईटातले भाव एकदम गळ्यात पडतात.

एकेक लेग मी आता एकाच परिस्थितीत करतो: शेअर वर जाणार असं मला खरंच वाटत असेल आणि नुसता कॉल धरायलाही माझी तयारी असेल तेव्हा. तेव्हाही 100 चा कॉल समोरचे 3.10 देऊन लगेच घेतो, लिमिट लावून वाट बघत नाही. आणि ऑर्डर टाकायच्या आधीच कागदावर लिहितो की शेअर 99.70 ला आला तर 105 चा कॉल मिळेल त्या बिडला विकायचा.