शब्दजोड तपासनीस : आठ महिन्यांचा वापर आणि एक 'कुलकर्णीयांनी'

स्मरणिका छापून आली आणि सातव्या पानावर ठळक अक्षरात दिसले : "माजी अध्यक्ष श्री. कुलकर्णीयांनी दीपप्रज्वलन केले." एक हजार प्रती. संपादक मंडळातल्या एका काकूंनी फोनवर विचारले, "हे आडनाव गुजराती आहे का हो?" मुद्रितशोधन माझे, तेव्हा दोषही माझाच. पण हा जोड मी केलेला नव्हता. आदल्या रात्री शेवटची फेरी घाईची होती, म्हणून तपासनिसाचे 'सर्व दुरुस्त्या स्वीकारा' हे बटण दाबले आणि झोपलो. त्याच आठवड्यात त्याची नवी आवृत्ती आली होती.

सॉफ्टवेअरचे नाव देत नाही. वापरणाऱ्यांना ते कळेलच. वर्षाला अठराशे रुपये वर्गणी आहे. मला पानाला चौदा रुपये मिळतात, म्हणजे एकशे एकोणतीस पाने वाचली की तेव्हा कुठे वर्गणी वसूल. त्यामुळे पुढचे सगळे थोड्या हिशेबी डोक्याने लिहिलेले आहे.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल लिहीत नाही, ते फुकटातही बरे मिळते. मी पैसे मोजले ते तुटलेल्या शब्दांसाठी. गेल्या काही वर्षांत लेख येतात ते मोबाइलवर टाइप केलेले. कळफलक शब्द सुचवतो, लेखक त्यावर बोट ठेवतो, पुढे आपोआप मोकळी जागा पडते आणि मग 'ला' किंवा 'साठी' एकटेच पडते. त्यात हिंदी वाचनाची सवय. हिंदीत 'राम ने', 'घर में' असे नामापासून सुटेच लिहितात. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून.

साध्या शब्दकोशी तपासणीला ही चूक सापडत नाही. ती तपासणी मोकळ्या जागेपाशी थांबून प्रत्येक तुकडा वेगळा बघते. 'घरा' तिच्या यादीत असते, 'साठी' तर असतेच. दोघेही निर्दोष सुटतात. उलट 'सभासदांव्यतिरिक्तच्या' असा नीट जोडलेला लांब शब्द यादीत नसला, तर त्याच्याखाली लाल रेघ. आमच्या छापखान्यातला टायपिंगचा मुलगा अशा शब्दात मध्ये एक स्पेस मारतो, रेघ जाते, तो खूश होतो. मी दोन महिने त्याच्यावर ओरडलो. नंतर लक्षात आले की त्याला चुकीचे लिहायला त्या रेघेनेच शिकवले आहे.

तर हा विकतचा तपासनीस काय वेगळे करतो? तो मागचा शब्द बघतो. निदान पहिल्या सहा महिन्यांत बघायचा. मराठीत प्रत्यय लागण्याआधी बहुतेक नामांचे सामान्यरूप होते : मुलगा–मुलग्या, शाळा–शाळे, माणूस–माणसा. 'मुलग्या' किंवा 'शाळे' हाक मारण्याखेरीज एकटे उभे राहत नाही, म्हणून 'मुलग्या ला' दिसले की शब्द तुटलाय हे वाक्याचा अर्थ न कळताही सांगता येते. एका बालवाडीच्या अहवालात आलेले वाक्य मी तेव्हा जपून ठेवले होते :

"मुलां साठी गाडी वर ठेवलेले खाऊ चे डबे वहिनी नी शाळे त नेले."

इथे तपासनिसाने 'मुलां साठी', 'खाऊ चे' आणि 'शाळे त' यांखाली लाल रेघ दिली. तिन्ही बरोबर. 'खाऊ'चे सामान्यरूप खाऊच असते, पण 'चे' मराठीत एकटे कुठे जगतच नाही, म्हणून तिथेही शंका नाही. 'गाडी वर'ला त्याने नुसती पिवळी रेघ दिली. पहिल्या महिन्याच्या माझ्या टिपणात मी यावर चिडून लिहिले होते, 'एवढेही कळत नाही?' ते आता मागे घेतो. ईकारान्त 'गाडी'चे सामान्यरूप 'गाडी'च, आणि 'वर' हे क्रियाविशेषणही आहे. "घाट आला, गाडी वर घे" यात दोन शब्द सुटेच हवेत. "गाडीवर घे" म्हटले की लहान मूल किंवा गोणी डोळ्यांसमोर येते. खाली, मागे, पुढे, बाहेर, समोर, नंतर या सगळ्यांचे असेच आहे. अर्थ न कळणाऱ्याने इथे पिवळी रेघ देऊन गप्प बसावे हेच शहाणपणाचे.

खरी गडबड 'वहिनी नी'त झाली. त्याने जोडून दिले 'वहिनीनी'. जागा गेली, चूक राहिली. एकवचन असेल तर 'वहिनीने', आदरार्थी असेल तर 'वहिनींनी'. तुटलेला शब्द सांधताना अनुस्वार बघावाच लागतो, कारण लिहिणाऱ्याने शब्द तोडला की पहिल्या तुकड्यावरचा अनुस्वार बऱ्याचदा गळून पडतो. 'सभासदा ना' नुसते चिकटवून 'सभासदाना' होते, तेही चूकच. आठ महिन्यांत तपासनिसाने हे एकदाही धरले नाही. त्याच्या लेखी जोडले की काम संपले.

आता 'यांनी'. नव्या आवृत्तीत गती वाढवली असे जाहीर झाले होते. माझा अंदाज असा की गतीसाठी त्यांनी मागचा शब्द बघणे कमी केले आणि पुढच्या शब्दांची एक यादी केली : यादीतला शब्द दिसला की मागच्याला चिकटवा. कारण त्याच आवृत्तीत 'वयाची साठी'चे 'वयाचीसाठी' आणि 'वडाची मुळे'चे 'वडाचीमुळे' व्हायला लागले. मागे बघितले असते तर 'वयाची', 'वडाची' ही सामान्यरूपे नाहीत, पुढे नाम आहे, हे कळायला वेळ लागला नसता. त्या यादीत कुणीतरी 'यांनी, यांना, यांचा, यांच्यासह' हेही घालून ठेवले.

मी तक्रार पाठवली. उत्तर आले : "सर, 'यांनी' हा तृतीयेचा प्रत्यय असल्याने तो जोडून लिहिणे योग्य आहे." मी उलट लिहिले की प्रत्यय 'नी' आहे, 'यांनी' हे 'हा' या सर्वनामाचे रूप आहे, आणि प्रत्यय त्याला आधीच जोडलेला आहे. पुरावा त्याच्या मागच्या शब्दातच असतो. आपण 'सभासदांनी' म्हणतो तेव्हा 'सभासद'चे सामान्यरूप होते. 'सभासद यांनी' म्हणतो तेव्हा 'सभासद' जसाच्या तसा राहतो, कारण प्रत्यय त्याला लागतच नाही. म्हणून तर पदे, पदव्या किंवा नावांची रांग आली की 'यांनी' सोयीचे पडते : "अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांनी सह्या केल्या." तिथे शेवटच्या 'खजिनदारांनी'वर सगळ्या रांगेचा भार टाकला तर अध्यक्ष आणि सचिव लोंबकळत राहतात. यावर उत्तर : "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." तिसऱ्या पत्रानंतर 'यांनी' आणि 'यांना' सुधारले. 'यांच्यासह' अजून चिकटतेच.

(इथपर्यंतचे दिवाळीआधी लिहिले होते. पुढचे नंतरचे.)

चिडून मी एक रविवार स्वतःचे काहीतरी करण्यात घालवला. लिबरऑफिस रायटरच्या 'शोधा आणि बदला'मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून हे टाकले :

```
([\u0900-\u097F]) (साठी|मुळे|वर|पासून)
```

आणि बदलायच्या जागी `$1$2`. पाच मिनिटांत माझीही फजिती झाली. 'वर'पुढे शब्द संपतो की नाही हे मी सांगितलेच नव्हते, त्यामुळे 'पाच वर्षे'चे 'पाचवर्षे' आणि 'साधे वरण'चे 'साधेवरण' झाले. शेवटी `\b` लावून ते थांबवले, तर 'लग्ना साठीचा' आणि 'टेबला वरून' हे हातातून निसटले, कारण शब्दयोगी अव्ययावरही पुन्हा प्रत्यय चढतो. शिवाय त्या कंसातल्या पट्ट्यात देवनागरी आकडेही येतात, म्हणून '२०१९ पासून' सगळीकडे '२०१९पासून' झाले. आकड्यापुढे काही प्रकाशक जोडतात, काही सुटे ठेवतात. स्मरणिकेची रीत सुटी होती, सगळे हाताने मागे न्यावे लागले. तपासनीस करणाऱ्यांबद्दल त्या दुपारी थोडी सहानुभूती वाटली.

पण त्यातूनच एक फुकटची गोष्ट हाती लागली. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत आहे की नामांच्या आणि सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना अनुस्वार द्यावा : घरांना, लोकांसमोर, आपणांस. म्हणजे '-ां'ने संपणारे रूप पुढचे काहीतरी धरण्यासाठीच तयार झालेले असते. मग त्याच्यापुढे मोकळी जागा आली कशी? काना, अनुस्वार आणि एक स्पेस, एवढेच शोधायचे. रेग्युलर एक्स्प्रेशनचीही गरज नाही, मोबाइलवरच्या साध्या टिपणवहीतही चालते. शहाण्णव पानांच्या पुढच्या अंकात एकेचाळीस ठिकाणे निघाली. त्यांतली अडतीस खरी तुटलेली होती. उरलेली तीन एका संवादातली 'हां' होती. कुठेही आपोआप बदल करायचा नाही, एकेक बघत जायचे. दहा मिनिटे लागली.

हीच युक्ती '-्या' आणि स्पेस यांवर करून बघितली, पण 'त्या', 'ज्या', 'चांगल्या', 'घराच्या' यांची एवढी गर्दी झाली की सोडून दिले. 'घराच्या मागे' मी सुटेच ठेवतो, 'घरामागे' जोडून. सर्वनामात मात्र 'माझ्या', 'त्याच्या' हेच सामान्यरूपाचे काम करतात, म्हणून 'माझ्यासाठी', 'त्याच्यामागे' जोडून. 'यापुढे'ला तर कुठलीच युक्ती लागू पडत नाही. "यापुढे बसा" आणि "या, पुढे बसा" यांतला स्वल्पविराम लेखक विसरला तर पाहुण्याला बोलावले की ताकीद दिली, हे वाक्य वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

तेव्हा पाचपैकी अडीच. सहाव्या महिन्यात विचारले असते तर चार दिले असते. एकवचनी तुटलेल्या शब्दांसाठी ('शाळे त', 'मुलग्या ला') त्याचा अजून उपयोग होतो, कारण त्यांना अनुस्वाराची खूण नसते. घ्यायचाच असेल तर 'सर्व दुरुस्त्या स्वीकारा' हे बटण सेटिंगमध्ये बंद करता येते, ते आधी बंद करा. वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण मी केलेले नाही. मासिक योजना दोनशे रुपयांची आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर, दिवाळी अंकांच्या गर्दीत तेवढी घेईन. त्याआधी 'यांच्यासह' सुटे झाले आहे का, ते एकदा बघून.