दोन पक्ष की अनेक? निबंधासाठी कोणती जोडी घ्यावी

सर्वाधिक मतांच्या पद्धतीत दोनच पक्ष का उरतात आणि मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वात अनेक का टिकतात, यावरच्या निबंधात बहुधा ब्रिटन आणि नेदरलँड्स शेजारी ठेवले जातात. फरक डोळ्यांत भरतो, म्हणून मोह होतो. नेदरलँड्सच्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत आणि देशभरात एका जागेपुरती, म्हणजे सुमारे ०.६७ टक्के मतं मिळाली की पक्षाला प्रवेश मिळतो. अडचण अशी की १९१७ मध्ये ही पद्धत स्वीकारली तेव्हा तिथे धार्मिक, उदारमतवादी, समाजवादी असे बरेच पक्ष आधीच होते. मग पद्धतीमुळे पक्ष वाढले, की पक्ष बरेच होते म्हणून त्यांनी सगळ्यांना सोयीची पद्धत आणली? या प्रश्नापुढे ही जोडी गप्प बसते.

म्हणून मी न्यूझीलंडची १९९३ आणि १९९६ ही जोडी घेईन. देश तोच, मोठे पक्ष तेच, मतदारही बहुतेक तेच. १९९३ मध्ये ९९ मतदारसंघ होते आणि प्रत्येकात ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून येई. १९९६ मध्ये मिश्र प्रमाणशीर पद्धत आली: १२० जागा आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं, एक उमेदवारासाठी आणि एक पक्षासाठी. सभागृहातलं बळ ठरतं ते पक्षाच्या मतावर.

यातला अलायन्स हा पक्ष नीट पाहा. १९९३ मध्ये त्याला १८.२ टक्के मतं मिळाली आणि जागा २. तीन वर्षांनी मतं घटून १०.१ टक्क्यांवर आली आणि जागा झाल्या १३. मतं जवळजवळ निम्मी, जागा सहापटीहून जास्त! कारण साधं आहे. त्याची मतं देशभर विखुरलेली होती. एखाद्या मतदारसंघात ४०, ३५ आणि २५ टक्के अशी विभागणी झाली की २५ वाल्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि हेच बहुतेक ठिकाणी घडलं. १९९३ च्याच निवडणुकीत नॅशनल पक्षाने ३५ टक्के मतांवर ९९ पैकी ५० जागा घेतल्या.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस ड्यूव्हर्जे यांनी याला यांत्रिक परिणाम म्हटलं. दुसरा परिणाम मानसिक: हरणाऱ्याला दिलेलं मत वाया जाणार हे ओळखून मतदार दोन मोठ्यांपैकी कमी नावडत्याकडे वळतो, आणि लहान पक्ष उमेदवारच उभा करत नाहीत. निबंधांत दोन्हींची सरमिसळ होते; या जोडीत ते वेगळे करता येतात. ‘परिणामकारक पक्षसंख्या’, म्हणजे खरोखर वजन असलेले पक्ष किती, हे काढायचं तर प्रत्येक पक्षाचा वाटा टक्क्यांऐवजी दशांशात घ्यायचा (३५ टक्के म्हणजे ०.३५), त्याचा वर्ग करायचा, बेरीज घ्यायची आणि १ ला तिने भागायचं. १९९३ मध्ये मतांवरून ती सुमारे ३.५ येते, जागांवरून फक्त २.२. १९९६ मध्ये मतांवरून ४.४ आणि जागांवरून ३.८. म्हणजे १९९३ मध्ये मतदार दोन पक्षांत कोंडलेले नव्हतेच. सभागृह कोंडलेलं होतं. मानसिक परिणाम पाहायचा तर १९५१ कडे जा: तेव्हा नॅशनल आणि लेबर हे दोन मोठे पक्ष मिळून ९९ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन गेले.

इथे एक सावधगिरी हवी. नवी पद्धत आणायची का, यावरचं निर्णायक सार्वमत १९९३ च्या निवडणुकीच्याच दिवशी झालं. दोन्ही मोठ्या पक्षांवरचा रोष मतांतही उतरला होता आणि पद्धत बदलण्याच्या कौलातही. त्यामुळे ‘पद्धतीने लोकांची आवड बदलली’ असं लिहू नका. ‘असलेल्या आवडीला जागा मिळाली’ इतकंच सिद्ध होतं.

प्रमाणशीर पद्धतीलाही दरवाजा असतो. न्यूझीलंडमध्ये पक्षाची ५ टक्के मतं किंवा एक मतदारसंघ जिंकणं ही अट होती. २००८ मध्ये न्यूझीलंड फर्स्टला ४.०७ टक्के मतं मिळून एकही जागा मिळाली नाही. ॲक्ट पक्षाने ३.६५ टक्क्यांवर पाच घेतल्या, कारण त्याने एप्सम हा एक मतदारसंघ जिंकला होता.

तुमच्या निबंधाचा रोख ‘दोनच पक्ष उरतात हा नियम कुठे अडतो’ असा असेल, तर मात्र न्यूझीलंड सोडून कॅनडाची १९९३ ची निवडणूक घ्या. पद्धत जुनीच, सर्वाधिक मतांची. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभर मिळून १६ टक्के मतं आणि जागा २. ब्लॉक केबेक्वाला १३.५ टक्के आणि जागा ५४, कारण त्याची सगळी मतं एकट्या क्युबेक प्रांतात होती. ड्यूव्हर्जेचा दाब मतदारसंघात पडतो. प्रत्येक प्रांतातले पहिले दोन पक्ष वेगळे असले, की दिल्लीतल्या संसदेसारखीच कॅनडाच्या ओटाव्यातल्या संसदेतही पक्षांची गर्दी होते.